केवड्याचं हॉस्टोरियम पेशीच्या आत आहे की वर? मायक्रोस्कोप निवडताना दरवर्षी होणारा घोळ

एमएस्सीच्या सेल बायोलॉजी प्रॅक्टिकलला आमच्याकडे नाशकात ऑक्टोबर छाटणीनंतर एक प्रश्न हमखास असतो, कारण मटेरियल दारात असतं. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडून येणारी पोरं बागेतूनच केवडा लागलेली पानं पिशवीत घालून आणतात. प्रश्न साधा आहे: केवड्याचं हॉस्टोरियम द्राक्षाच्या पेशीच्या आत जातं हे दाखवायचं असेल तर कुठला मायक्रोस्कोप निवडाल आणि का? आणि बहुतेक वह्यांमध्ये उत्तर एकच, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, कारण रिझोल्यूशन सगळ्यात जास्त. उरलेले कॉन्फोकल लिहितात, कारण थ्रीडी दिसतं. लाइट मायक्रोस्कोप लिहायला कोणी धजत नाही, तो म्हणे अकरावीतला.

दरवर्षी तेच होतं आणि मार्कही तिथेच जातात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी गडी ओळखून घ्या. प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा ऊमायसीट. त्याचे धागे पानात पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतून पळतात आणि वाटेत शेजारच्या पेशीची भिंत भेदून आत एक छोटी पिशवी घालतात, तेच हॉस्टोरियम, काही मायक्रॉनचं, त्यातून अन्न ओढलं जातं. भिंत भेदली जाते, पण पेशीची प्लाझ्मा मेंब्रेन फाटत नाही, ती पिशवीभोवती आत ढकलली जाते. या एका ओळीत दोन वेगळे प्रश्न दडलेत, भिंतीच्या आत आहे का हा एक आणि मेंब्रेन शाबूत आहे का हा दुसरा, आणि दोघांना वेगवेगळा मायक्रोस्कोप लागतो. पोरं दोन्ही एकत्र करतात आणि तिथेच गाडी घसरते.

आता "दिसत नाही" या तक्रारीबद्दल. कोणी म्हणालं की मॅडम दिसत नाही, तर मी आधी विचारते की का दिसत नाही, कारण त्याची तीन कारणं असतात आणि तिन्हींवर इलाज वेगळा. एक, वस्तू रिझोल्यूशनच्या मर्यादेपेक्षा लहान आहे. दोन, वस्तू पुरेशी मोठी आहे पण आजूबाजूच्यापेक्षा वेगळी उठून दिसत नाही, म्हणजे कॉन्ट्रास्ट नाही. तीन, दिसतेय पण वरच्या-खालच्या थरांचा धूसरपणा तिच्यावर चढलाय, म्हणजे खोलीचा प्रॉब्लेम. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप प्रामुख्याने पहिल्यावरचा इलाज, रंग आणि फ्लोरेसन्स दुसऱ्यावरचा, कॉन्फोकल तिसऱ्यावरचा.

कुठलं कारण आहे ते टेबलावर बसूनच कळतं. पहिल्यासाठी हिशोब करा. ऑब्जेक्टिव्हवर 40x/0.65 असं लिहिलेलं असतं त्यातला दुसरा आकडा म्हणजे एनए, आणि सूत्र आहे

```
d = λ / (2 × NA)
```

हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर धरा. ०.६५ एनएला साधारण ४२० नॅनोमीटर येतात, १०० एक्सच्या १.२५ एनएच्या ऑइल लेन्सला २२०. हॉस्टोरियम समजा ५ मायक्रॉनचं, म्हणजे ५,००० नॅनोमीटर. म्हणजे कॉलेजच्या साध्या ४० एक्स लेन्सच्या मर्यादेपेक्षाही ते दहा पटीहून मोठं आहे! रिझोल्यूशन हा इथे प्रॉब्लेमच नाही, आणि वहीत "रिझोल्यूशन जास्त म्हणून टीईएम" लिहिलेलं उत्तर याच एका आकड्याने पडतं.

दुसऱ्या कारणासाठी कंडेन्सरचा डायफ्रॅम हळूहळू बंद करत बघा, कडा उमटायला लागल्या तर कॉन्ट्रास्ट कमी होता (जास्त बंद केलात तर रिझोल्यूशनही जातं, त्यामुळे हे फक्त तपासण्यापुरतं). आणि तिसऱ्यासाठी फाइन फोकस फिरवा, एक गोष्ट स्पष्ट होताना दुसरी विरघळत असेल आणि कुठल्याच ठिकाणी चित्र स्वच्छ होत नसेल तर थरांचा धूसरपणा आहे.

आता प्रत्यक्ष केस घेते. मागच्या एका बॅचमधल्या मुलीने दिंडोरीकडचं पान आणलं होतं, वरून तेलकट डाग, खाली अजून पांढरं काही नव्हतं. पहिला प्रश्न अर्थातच केवडाच आहे का भुरी. त्यासाठी पान ओल्या टिश्यूवर, खालची बाजू वर करून, झाकणाच्या डब्यात रात्रभर अंधारात ठेवलं, कारण केवड्याला बीजाणू धरायला अंधार आणि जवळजवळ पूर्ण आर्द्रता दोन्ही लागतं. सकाळी पांढरी लव आली, सुईने उचलून पाण्याच्या थेंबात ठेवली, १० एक्सलाच काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि टोकाला लिंबाच्या आकाराचे स्पोरँजिया दिसले, भुरीसारख्या कोनिडियाच्या माळा नव्हत्या. विषय संपला. त्याच थेंबात स्पोरँजिया थंड खोलीत काही तास ठेवले तर झूस्पोर बाहेर पडून पोहताना दिसतात, आणि हे पोहणं कुठलाही टीईएम दाखवू शकत नाही, कारण तिथे नमुना फिक्स करून, सुकवून, निर्वात पोकळीत जातो. प्रश्नात हालचाल असेल तर नमुना जिवंत हवा.

मग तिने हॉस्टोरियमकडे मोर्चा वळवला. पद्धत तीच जी बऱ्याच लॅबमध्ये चालते: पानाचे छोटे तुकडे १ मोलर केओएचमध्ये ऑटोक्लेव्हला १२१ डिग्रीवर १५ मिनिटं, हिरवेपणा जातो आणि पान पारदर्शक होतं, मग पाण्याने तीनदा हलक्या हाताने धुणं (तुकडे या वेळी शिजलेल्या पालकासारखे लिबलिबीत असतात, चिमट्याने ओढू नका), आणि ०.०५ टक्के अॅनिलीन ब्लू, पीएच ९ च्या K2HPO4 द्रावणातला, यात माउंट करायचं. ऊमायसीटच्या भिंतीत बीटा-१,३-ग्लुकान असतं, त्याला हा रंग लागतो आणि यूव्ही किंवा जांभळ्या प्रकाशात निळसर-पांढरा चमकतो.

इथे दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. पहिलं, शेल्फवरचं लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू उचललं जातं, कारण दोन्ही निळे. ते आम्लधर्मी आहे, साध्या प्रकाशात निळं छान दिसतं पण फ्लोरेसन्समध्ये काळोख, आणि मग मायक्रोस्कोप बिघडलाय अशी बोंब होते. दुसरं, फिल्टर. हिरवा चमकणारा एफआयटीसीचा फिल्टर आत सरकवलेला असतो, तो निळ्या प्रकाशाने उत्तेजित करतो, अॅनिलीन ब्लूला यूव्ही-जांभळा लागतो, त्यामुळे चित्र फिकट येतं आणि पोरं एक्सपोजर वाढवत बसतात.

तिने दोन्ही बरोबर केलं होतं. फोटो सुंदर आला, धागे झगझगीत, त्यांना लागून गोल टपोरे ठिपके, ठिपके बरोबर पेशींच्या आकृतीच्या मध्ये. खाली लिहिलं, "हॉस्टोरिया पेशीच्या आत दिसत आहेत." परीक्षकांनी फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "आत कशावरून? वर कशावरून नाही?" ती गप्प. प्रश्न अगदी योग्य होता. साध्या फ्लोरेसन्समध्ये पूर्ण जाडी एकदम उजळते आणि सगळा प्रकाश वर गोळा होतो, वरून बघताना डब्यातला लाडू आणि डब्याच्या काचेच्या झाकणावर ठेवलेला लाडू सारखाच दिसतो. तिच्या फोटोने केवडा पानात पसरलाय आणि ठिपके धाग्याला जोडलेत हे सिद्ध होत होतं, आत-बाहेर मात्र नाही.

आणि त्यात कंट्रोल नव्हता. हे मला जास्त खटकतं. निरोगी पान, त्याच पद्धतीने रंगवलेलं, आणि लागण झालेलं पान, रंग न लावता, हे दोन तुकडे शेजारी हवेतच. कारण अॅनिलीन ब्लू कॅलोजलाही चमकवतो, शिरांमधल्या सीव्ह प्लेटवर कॅलोज असतं, पान कापलं त्या कडेला जखमेचं कॅलोज जमतं, आणि शिरांच्या लिग्निनयुक्त भिंती तर बिनरंगाच्याही यूव्हीत निळ्या दिसतात. म्हणजे निरोगी पानातही चमकणारे ठिपके मिळणारच. कडेपासून आणि शिरेपासून लांब बघा, आणि धाग्याला बारीक मानेने जोडलेला ठिपका असेल तोच मोजा.

मग आत की वर हे कसं ठरवायचं? इथे सगळे कॉन्फोकलकडे धावतात, पण त्याआधी एक गोष्ट करून बघा: पान आडवं कापा. खोलीचा प्रॉब्लेम वरून बघताना आहे, कापून बाजूने बघितलं तर जी खोली होती तीच आता लांबी होते. ताज्या पानाची अरुंद पट्टी, डागाच्या कडेची, चिरलेल्या गाजरात धरून नव्या ब्लेडने काप काढा, ब्लेड पाण्याने ओलं ठेवा, भरपूर काप काढून त्यातले सगळ्यात पातळ निवडा. आता लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू घातलं तरी चालतं. ४० एक्सला अशी जागा शोधा जिथे पेशीची भिंत बरोबर कडेने, एका रेषेसारखी दिसतेय, बाहेरच्या बाजूला धागा आहे, रेषेतून बारीक मान जाते आणि पलीकडे टपोरा भाग आहे. अशी एक जागा सापडली की "भिंतीच्या आत" हे सिद्ध झालं, अकरावीच्याच मायक्रोस्कोपवर. माझं स्पष्ट मत आहे की प्रॅक्टिकलच्या उत्तरात हे पहिलं यायला हवं.

मग कॉन्फोकल कशाला? कारण हाताने काढलेल्या कापात अशी नेमकी जागा नशिबाने मिळते. "आत जातं का" याचं हो-नाही उत्तर त्यावरून देता येतं, पण "निरोधक जातीत किती पेशींच्या आत गेलंय आणि थॉम्पसनमध्ये किती" हे मोजता येत नाही, कापताना अर्धी हॉस्टोरिया कापली जातात, हलतात, हरवतात. तुलना करायची असेल तर अख्ख्या तुकड्यात, न कापता, खोली मोजता आली पाहिजे आणि ते काम कॉन्फोकलचं. तो पिनहोलने फोकसबाहेरचा प्रकाश अडवतो, लेन्स चांगली असेल तर मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा प्रकाशाचा काप देतो, आणि असे काप एकावर एक रचले की झेड-स्टॅक. रिझोल्यूशन साध्या फ्लोरेसन्सपेक्षा थोडंसंच सुधारतं, त्यामुळे "कॉन्फोकल कारण रिझोल्यूशन जास्त" असं लिहू नका.

कॉन्फोकल आपल्याला बाहेर जाऊनच वापरावा लागतो, पुण्याला किंवा मुंबईला, तासाच्या हिशोबाने पैसे लागतात, म्हणून निघायच्या आधी फोनवर एकच गोष्ट पक्की विचारा: ४०५ नॅनोमीटरचा लेझर आहे का. फक्त ४८८ पासून पुढचे लेझर असतील तर अॅनिलीन ब्लूसाठी फेरी फुकट. तुकडा खालची बाजू कव्हरस्लिपकडे करून लावा, द्राक्षाच्या पानाला पर्णरंध्रं खालच्याच बाजूला असतात, लागण तिथून होते, आणि पानात जितकं खोल जाल तितकं सिग्नल विरतं. तुकडा पाण्यासारख्या द्रावणात असताना ऑइल लेन्स लावली तर खोलीबरोबर चित्र बिघडतं आणि झेडमधली मापंही चुकतात, वॉटर इमर्शन लेन्स असेल तर तीच मागा.

स्टॅक अर्ध्या मायक्रॉनच्या पायरीने घेतला तर ५ मायक्रॉनचं हॉस्टोरियम साधारण दहा कापांत दिसायला हवं. आता मुख्य काम, स्टॅक सरळ थ्रीडी फिरवून फोटो काढू नका, एक्सझेड म्हणजे बाजूने कापलेला व्ह्यू उघडा, आणि त्या ठिपक्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे यजमान पेशीची भिंत आहे का बघा. भिंतीची स्वतःची फिकट चमक त्यासाठी बहुतेक वेळा पुरते, डिटेक्टरचा गेन थोडा वाढवून वेगळा स्कॅन घ्या. दोन्हीकडे भिंत असेल तर आत, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पोकळी असेल तर नुसतं टेकलेलं. एक फसगत नेहमी होते: कॉन्फोकलच्या स्क्रीनवर करडं ट्रान्समिटेड चित्र येतं त्यात पेशीच्या भिंती छान दिसतात म्हणून त्यावर ठिपके ठेवून "आत" म्हणतात. ते चित्र पिनहोलमधून येत नाही, त्यात प्रकाशाचे काप नसतात, म्हणजे तुम्ही परत तिथेच आलात जिथे साध्या फ्लोरेसन्सचा फोटो होता.

आता दुसरा प्रश्न, मेंब्रेन. आणि इथे टीईएम खरोखर लागतो. मेंब्रेनची जाडी ७ ते ८ नॅनोमीटर, आपली सगळ्यात चांगली प्रकाशाची लेन्स २०० च्या आसपास अडकते. एक बारकावा ध्यानात ठेवा, फ्लोरेसंट रंग लावला तर मेंब्रेन प्रकाशातही चमकती रेष म्हणून दिसते, कारण अंधारात चमकणारी वस्तू मर्यादेपेक्षा लहान असली तरी तिचा प्रकाश पोचतो, फक्त ती २०० नॅनोमीटर जाड वाटते. अस्तित्व कळतं, पण त्या रेषेत एक मेंब्रेन आहे की दोन जवळजवळ, मध्ये कुठे तुटलीय का, हे कळत नाही. हॉस्टोरियमची स्वतःची मेंब्रेन, त्याची भिंत, मधला मॅट्रिक्स, मग यजमानाची मेंब्रेन, हे थर एकामागून एक सुटे बघायचे तर इलेक्ट्रॉनच हवेत.

ही निवड मायक्रोस्कोपपाशी नाही, पान कापतानाच करावी लागते, आणि सगळ्यात महाग चूक इथे होते. उरलेले केओएचचे तुकडे बाटलीत होते म्हणून तेच टीईएमला पाठवायचे असं एका ग्रुपने ठरवलं होतं. गरम केओएचने मेंब्रेन, सायटोप्लाझ्म सगळं धुऊन गेलेलं असतं, मागे राहतात भिंती! अॅनिलीन ब्लूच्या चित्रात "आत" याचा अर्थ "भिंतीच्या आत" एवढाच का, तेही यावरूनच कळेल. फॉर्मॅलिन-अॅसिटिक अॅसिड-अल्कोहोलमधले जुने नमुनेही नकोत, त्यात भिंतींची रचना टिकते, मेंब्रेन टिकत नाहीत.

टीईएमसाठी बागेतच कापा. कोवळ्या डागाची कड घ्या, मधला वाळलेला भाग नको, मिलिमीटरभराचे तुकडे, थेट २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.२, आणि बाटली बर्फाच्या डब्यात. पानात हवा असते म्हणून तुकडे तरंगतात आणि तरंगणाऱ्या तुकड्याच्या आत फिक्सेटिव्ह वेळेवर पोचत नाही, लॅबला आल्याआल्या सिरिंजने किंवा व्हॅक्यूम पंपाने हवा ओढा, तुकडे बुडाले की झालं. न बुडणारे फेकून द्या. पुढचं ऑस्मियम, रेझिन वगैरे ते सेंटरवालेच करतात, आणि ऑस्मियमला तुम्ही हात लावूही नका, त्याची वाफ डोळ्यांना घातक असते.

रिझल्ट आला की दिसत काय? बहुतेकदा काहीच नाही, आणि तेव्हा "हॉस्टोरियम आढळले नाही" लिहून मोकळे होतात. टीईएमचा काप ७० नॅनोमीटरच्या आसपास. ५ मायक्रॉनचं एक हॉस्टोरियम असे सत्तरेक काप व्यापतं, आणि तुम्हाला दोन-चार कापांचे फोटो मिळालेत, तेही मिलिमीटरभराच्या तुकड्यातून. सुई आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. म्हणून सेंटरला आधीच सांगा की रेझिन ब्लॉकमधून १ मायक्रॉनचे जाड काप काढून टोल्युडीन ब्लूने रंगवून साध्या लाइट मायक्रोस्कोपखाली बघा, त्यात धागा आणि त्याला जोडलेला टपोरा भाग दिसला की ब्लॉक तिथेच ट्रिम करून पातळ काप घ्या. जाड कापात काही नसेल तर तो ब्लॉक सोडून दुसरा घ्यायचा, पातळ कापांवर पैसे घालायचे नाहीत.

आणि वहीत नुसतं "इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप" लिहू नका, टीईएम का एसईएम ते लिहा. एसईएम पृष्ठभाग दाखवतो, पर्णरंध्रातून बाहेर आलेल्या फांद्या त्यात फार देखण्या दिसतात, पण अखंड पानाच्या पेशीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ज्या ग्रुपने मेंब्रेनच्या प्रश्नाला एसईएमचा फोटो चिकटवला होता त्यांचे मार्क त्यामुळेच गेले, फोटो चांगला असूनही.